दर गुरुवारी फुगणारे इंडेक्स: नोंद जागा बदलते तेव्हा तिच्या पत्त्याचे काय होते

मार्केट यार्डातून माल उचलून हडपसरच्या गोदामामार्गे तो बाहेरगावी पाठवणाऱ्या एका वाहतूक व्यवसायाचा डेटाबेस मी सांभाळतो. त्यातील `parcel` या टेबलाबद्दल एकच तक्रार जवळपास चार महिने पुन्हा पुन्हा येत होती. रविवारी रात्री सगळे इंडेक्स नव्याने बांधले की सोमवारी स्क्रीन झटपट उघडत, बुधवारपर्यंत कोणी काही बोलत नसे, आणि गुरुवारी सकाळी गोदामाच्या सुपरवायझरांचा फोन ठरलेला असे, ''सर, आज परत डॉकेट शोधायला वेळ लागतोय.'' डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे, टेबलात सुमारे १२ लाख नोंदी आहेत आणि त्यावर सहा इंडेक्स होते: प्राथमिक की, डॉकेट क्रमांक, ग्राहकाचा मोबाइल, पिनकोड, पार्सलची सद्यस्थिती आणि शेवटच्या बदलाची वेळ. आठवड्याभरात नोंदींची संख्या फारशी वाढत नव्हती, तरी गुरुवारपर्यंत सहा इंडेक्सचा एकत्रित आकार टेबलाच्या आकाराला मागे टाकत असे.

सुरुवातीला आम्ही जे उपाय केले ते सगळे लक्षणावरचे होते. बदलांनंतर मागे उरलेल्या मृत नोंदी झाडणारे ऑटोव्हॅक्यूम लवकर चालावे म्हणून `autovacuum_vacuum_scale_factor` ०.२ वरून ०.०२ वर आणला. मृत नोंदी लवकर साफ होऊ लागल्या, पण इंडेक्स आकाराने कमी झाले नाहीत, आणि ते होणारही नव्हते. बी-ट्री इंडेक्समधील एखादे पान भरले की ते फुटून त्याची दोन होतात. नंतर व्हॅक्यूमने त्यातील निरुपयोगी नोंदी काढल्या, तरी पोस्टग्रेस दोन अर्धवट रिकामी पाने पुन्हा एकत्र करत नाही. पान पूर्ण रिकामे झाले तरच ते पुन्हा वापरासाठी मोकळे होते. त्यामुळे फुगवटा काढायला रविवारचा `REINDEX` लागायचा आणि आम्ही तो इमानेइतबारे चालवत होतो. इंडेक्समध्ये इतक्या नोंदी येतात तरी कुठून, हे विचारायला मात्र आम्हाला उशीर झाला.

उत्तर नोंदीच्या पत्त्यात होते. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची फाइल ८१९२ बाइटच्या पानांमध्ये विभागलेली असते. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला २४ बाइटचा मथळा असतो, त्यामागोमाग ४ बाइटचा एक अशा पॉइंटरांची यादी असते आणि प्रत्यक्ष नोंदी पानाच्या शेवटाकडून उलट दिशेने भरत येतात. नोंदीचा पत्ता म्हणजे पानाचा क्रमांक आणि त्या यादीतील स्थानाचा क्रमांक. हाच पत्ता `ctid` या नावाने पाहता येतो. पत्ता थेट बाइटवर बोट ठेवत नाही, यादीतील स्थानावर ठेवतो, आणि ही आडवळणाची रचना मुद्दाम केलेली आहे. जुन्या पेठेतील वाड्यात बिऱ्हाड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले, तरी दिंडीदरवाज्याशी विचारणाऱ्या पोस्टमनचे काही अडत नाही. पाकिटावर वाड्याचा पत्ता तोच राहतो. बिऱ्हाड उचलून कोथरूडला गेले, की मात्र ज्यांच्या ज्यांच्या वहीत जुना पत्ता आहे, त्या सगळ्यांना कळवावे लागते. इंडेक्स म्हणजे अशा वह्या, आणि आमच्याकडे त्या सहा होत्या.

यात पोस्टग्रेसचा एक विशेष असा की, येथे `UPDATE` केल्यावर नोंद जागच्या जागी बदलत नाही. जुनी आवृत्ती तशीच ठेवून नवी आवृत्ती दुसऱ्या स्थानावर लिहिली जाते, कारण आधीपासून चालू असलेल्या एखाद्या क्वेरीला जुनी आवृत्ती दिसणे आवश्यक असू शकते. म्हणजे प्रत्येक बदल हा एक स्थलांतरच असतो. नव्या आवृत्तीचा पत्ता वेगळा असल्याने साध्या स्थितीत सहाही इंडेक्समध्ये एकेक नवी नोंद घालावी लागते. येथेच आमचा सगळ्यांचा समज चुकला होता. सद्यस्थिती बदलली तर सद्यस्थितीचा इंडेक्स बदलेल, मोबाइलच्या इंडेक्सचा काय संबंध, असे आम्ही गृहीत धरले होते. मोबाइल क्रमांक तोच राहतो हे खरे, पण त्या क्रमांकासमोर लिहिलेला पत्ता बदललेला असतो.

आता आमचा हिशोब पाहा. एका पार्सलची सद्यस्थिती बुकिंगपासून पोहोचेपर्यंत साधारण आठ वेळा बदलते. सुरुवातीच्या सहा आणि आठ बदलांच्या अठ्ठेचाळीस, अशा एका पार्सलमागे चोपन्न इंडेक्स नोंदी होतात, आणि त्यातील अखेर कामाच्या असतात फक्त सहा. उरलेल्या अठ्ठेचाळीस पुसण्यासाठी व्हॅक्यूमला सहाही इंडेक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळावे लागतात. १४ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस, जिथे की बदललेली नाही अशा इंडेक्समधील मृत नोंदी पान फुटण्याआधी काढून पाहतो. त्यामुळे नव्या आवृत्तीवर मोबाइलचा इंडेक्स हिशोबाने फुगायला हवा त्याहून कमी फुगलेला दिसतो. सद्यस्थितीच्या आणि वेळेच्या इंडेक्सना मात्र या सोयीचा फायदा मिळत नाही, कारण तिथे दर बदलाला कीच नवी असते.

या अडचणीवर पोस्टग्रेसकडे २००८ सालच्या ८.३ आवृत्तीपासून एक तोड आहे. तिला हॉट, म्हणजे हीप-ओन्ली टपल, म्हणतात. दोन अटी पाळल्या गेल्या तर नवी आवृत्ती कोणत्याही इंडेक्सला न कळवता लिहिली जाते. पहिली अट अशी की, नव्या आवृत्तीला त्याच पानात जागा मिळाली पाहिजे. दुसरी अट अशी की, १६ व्या आवृत्तीपासून सूट मिळालेले ब्रिन इंडेक्स सोडले, तर कोणत्याही इंडेक्समध्ये असलेल्या रकान्याची किंमत बदललेली नसावी. दोन्ही अटी जुळल्या की इंडेक्स जुन्याच स्थानाकडे बोट दाखवत राहतात आणि पानाच्या आतल्या आत जुन्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीकडे जाणारी साखळी तयार होते. बिऱ्हाड वाड्यातच राहिले, फक्त खोली बदलली.

आपल्याकडे हे घडते आहे की नाही, हे पाहायला एक क्वेरी पुरते:

```sql
SELECT n_tup_upd, n_tup_hot_upd
FROM pg_stat_user_tables
WHERE relname = 'parcel';
```

पहिला आकडा एकूण बदलांचा आणि दुसरा त्यातील हॉट बदलांचा. आमच्याकडे दुसरा आकडा पहिल्याच्या मानाने नगण्य होता. जवळपास प्रत्येक बदल सहा वह्यांत नोंदवला जात होता. आवृत्ती १६ किंवा त्यापुढची असेल तर याच दृश्यात `n_tup_newpage_upd` हा आणखी एक रकाना मिळतो, आणि किती बदलांत नोंद दुसऱ्या पानावर गेली ते त्यातून कळते. हे कळणे महत्त्वाचे आहे, कारण दोन अटींपैकी नेमकी कोणती मोडते आहे ते ओळखल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

ते ओळखण्यासाठी आम्ही वेगळ्या सर्व्हरवर एक प्रत तयार केली. हिशोब सोपा राहावा म्हणून त्यात बरोबर १,००,००० नोंदी ठेवल्या आणि प्रत्येक नोंद मथळ्यासह २०० बाइटची केली. पॉइंटरचे ४ बाइट धरून एका नोंदीला २०४ बाइट लागतात, म्हणून एका पानात ४० नोंदी बसतात आणि जेमतेम ८ बाइट उरतात. टेबल अडीच हजार पानांचे झाले. पानांचे क्रमांक शून्यापासून २४९९ पर्यंत. मग सातव्या पार्सलची सद्यस्थिती बदलली:

```sql
SELECT ctid FROM parcel WHERE id = 7;   -- (0,7)
UPDATE parcel SET status = 'AT_HUB' WHERE id = 7;
SELECT ctid FROM parcel WHERE id = 7;   -- (2500,1)
```

पहिल्या पानात जागा नव्हती, म्हणून नोंद थेट फाइलच्या शेवटी नव्या पानावर गेली. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचा `fillfactor` मुळात १०० असतो, म्हणजे पाने काठोकाठ भरली जातात. ज्या टेबलात नोंदी फक्त येऊन पडतात तिथे हे योग्यच आहे. ज्या टेबलात नोंदी बदलत राहतात तिथे मात्र पहिल्याच बदलाला स्थलांतर घडते.

दुसऱ्या प्रयोगात `fillfactor` ८० ठेवून टेबल पुन्हा नव्याने भरले. आता प्रत्येक पानात ३२ नोंदी बसल्या आणि सुमारे १६४० बाइट, म्हणजे आठ नव्या आवृत्त्यांपुरती जागा मोकळी राहिली. टेबल २५०० ऐवजी ३१२५ पानांचे झाले. डिस्कच्या भाषेत साडेएकोणीस एमबीचे साडेचोवीस. तोच बदल पुन्हा केल्यावर पत्ता `(0,7)` वरून `(0,33)` झाला. नोंद त्याच पानात राहिली म्हणून आम्हाला हायसे वाटले, पण `n_tup_hot_upd` शून्यावरून हलला नाही. पान तेच राहणे ही केवळ अर्धी गोष्ट आहे. `status` वर इंडेक्स असल्याने दुसरी अट मोडत होती. शिवाय दर बदलाला ट्रिगर `updated_at` भरत होता आणि त्यावरही इंडेक्स होता, त्यामुळे केवळ सद्यस्थितीचा इंडेक्स काढूनही काही साधले नसते. शेवटच्या बदलाच्या वेळेवर बी-ट्री इंडेक्स ठेवणे म्हणजे त्या टेबलातील प्रत्येक बदलासाठी हॉटचा दरवाजा बंद करणे होय. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की, आता नवे टेबल हाती आले तर पहिल्यांदा तोच रकाना तपासतो.

तिसऱ्या प्रयोगात हे दोन्ही इंडेक्स काढले. पत्ता या वेळीही `(0,33)` झाला, पण `n_tup_hot_upd` एकने वाढला. दिसायला दोन्ही प्रयोगांचा परिणाम एकच असला तरी पानाच्या आत काय फरक पडला, हे `pageinspect` या एक्स्टेन्शनने पाहता येते:

```sql
SELECT lp, lp_off, lp_flags
FROM heap_page_items(get_raw_page('parcel', 0))
WHERE lp IN (7, 33);
```

दुसऱ्या प्रयोगात, पार्सल एकदा वाचल्यानंतर, सातव्या स्थानाचा `lp_flags` ३ दिसला. याचा अर्थ ते स्थान मृत आहे. त्यातील नोंद काढून टाकली आहे, पण ४ बाइटचे टोक तसेच ठेवले आहे, कारण सहा इंडेक्स अजून त्याकडे बोट दाखवत आहेत आणि व्हॅक्यूमने ती सहाही बोटे काढल्याशिवाय हे स्थान दुसऱ्या कोणाला देता येत नाही. तिसऱ्या प्रयोगात त्याच स्थानाचा `lp_flags` २ आणि `lp_off` ३३ दिसला. हे स्थान आता पाटी झाले आहे आणि तीवर लिहिले आहे, 'तेहेतीसकडे जा'. `bt_page_items` वापरून प्राथमिक कीचा इंडेक्स उघडला, तर सातव्या पार्सलसमोर अजूनही `(0,7)` हाच पत्ता असतो, आणि तो बरोबरच आहे.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ही साफसफाई व्हॅक्यूमने केलेली नाही. आम्ही पार्सल वाचण्यासाठी चालवलेल्या साध्या `SELECT` ने ती केली. पानात मोकळी जागा कमी पडू लागली आहे आणि जुनी आवृत्ती आता कोणालाच नको आहे असे दिसले, तर पान वाचणारी क्वेरीच जाता जाता ते झाडून घेते. त्यामुळे सातवे पार्सल पुन्हा बदलले की ते चौतिसाव्या स्थानावर जाते, पाटीवरचा आकडा चौतीस होतो आणि तेहेतिसावे स्थान लगेच पूर्ण मोकळे होते, कारण कोणत्याही इंडेक्सला ते कधी ठाऊकच नव्हते. आठ बदलांना आठ स्थाने लागत नाहीत. दोन-तीन स्थानेच आलटून पालटून पुरतात. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे याच गोष्टीने आम्हाला अडचणीत आणले.

प्रयोग सोपे होते. खऱ्या टेबलावरून दोन इंडेक्स काढणे अवघड होते, कारण ते कोणीतरी वापरत होते. सद्यस्थितीच्या इंडेक्सवर गोदामातील 'प्रलंबित पार्सल' ही स्क्रीन चालायची, तर वेळेच्या इंडेक्सवर दिवसभरात बदललेल्या नोंदी उचलणारे रात्रीचे काम. स्क्रीनसाठी मी आधी अंशात्मक इंडेक्सचा मार्ग धरला. पिनकोडवर इंडेक्स ठेवायचा, पण त्यात फक्त `WHERE status <> 'DELIVERED'` अशा नोंदी घ्यायच्या. `status` आता इंडेक्सच्या रकान्यांत नाही, तेव्हा अट पाळली गेली, असे मला वाटले. आकडा हलला नाही. इंडेक्सच्या `WHERE` मध्ये आलेला रकानाही हॉटच्या दृष्टीने इंडेक्समधलाच धरला जातो, आणि ते तर्कालाही धरून आहे, कारण त्या रकान्याची किंमत बदलली तर नोंद इंडेक्समध्ये येऊ किंवा बाहेर जाऊ शकते. `INCLUDE` ने जोडलेल्या रकान्यांचेही तसेच. ज्यांचे आकडे सगळे रकाने तपासूनही सुधारत नाहीत, त्यांनी या दोन जागा आवर्जून पाहाव्यात.

शेवटी प्रलंबित पार्सलांसाठी आम्ही एक छोटे वेगळे टेबल केले. बुकिंगच्या वेळी त्यात पार्सलचा क्रमांक घातला जातो आणि पार्सल पोहोचले की तो पुसला जातो. मधल्या सहा-सात बदलांचा त्याच्याशी संबंध येत नाही. रात्रीच्या कामासाठी प्रत्येक स्कॅनची नोंद ठेवणारे `parcel_event` हे टेबल आधीपासून होतेच. त्यात नोंदींची फक्त भर पडत जाते, त्या बदलत नाहीत, म्हणून वेळेचा इंडेक्स तिकडे हलवला. त्यानंतर खऱ्या टेबलावरही `fillfactor` ८० केला:

```sql
ALTER TABLE parcel SET (fillfactor = 80);
```

ही आज्ञा आधीच भरलेली पाने मोकळी करत नाही. ती केवळ यापुढे भरल्या जाणाऱ्या पानांना लागू होते. जुनी पानेही सैल करायची असतील तर `VACUUM FULL` करावे लागते, आणि ते चालू असेपर्यंत टेबल वाचणेही बंद राहते. आम्ही ते केले नाही. आमची पार्सले साधारण आठवडाभरच हालचाल करतात. त्यानंतर त्यांच्या नोंदीला कोणी हात लावत नाही. त्यामुळे जुनी काठोकाठ पाने तशीच राहिली तरी हरकत नव्हती, नवी पार्सले सैल पानांवर पडू लागली की आठवड्याभरात चित्र आपोआप बदलणार होते. ज्यांच्या टेबलात जुन्याच नोंदी वर्षानुवर्षे बदलत असतात, बँकेच्या खात्यांसारख्या, त्यांना मात्र हा आळस परवडणार नाही.

पहिला आठवडा चांगला गेला आणि हॉट बदलांचे प्रमाण झपाट्याने वाढले. पण रोज सकाळी दहाच्या सुमारास ते तासभर घसरताना दिसे. त्या वेळी लेखा विभागाचा एक लांबलचक अहवाल चालू असतो. तो चालू असेपर्यंत त्याला दिसू शकणारी एकही जुनी आवृत्ती झाडता येत नाही, आठ आवृत्त्यांची मोकळी जागा भरून जाते आणि नवव्या वेळी नोंद पान सोडून जाते. हे `pg_stat_activity` मधील `xact_start` आणि `backend_xmin` पाहून कळले. अहवाल रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या चालू प्रतीवर, हलवल्यावर घसरण थांबली. रेप्लिकाचा `hot_standby_feedback` बंद असल्याची खात्री मी आधी केली होती. तो चालू असता, तर अहवाल तिकडे नेऊनही मुख्य सर्व्हरवरची झाडलोट तशीच अडली असती.

यानंतर जे झाले त्याची आम्हाला कल्पना नव्हती. इंडेक्सची तक्रार मिटली आणि दुसऱ्याच आठवड्यात गोदामातून वेगळी तक्रार आली: नाशिकचे पार्सल स्कॅन केले आणि त्याच पानावरच्या, म्हणजे त्याच सुमारास बुक झालेल्या, सांगलीच्या पार्सलची सद्यस्थिती बदलली. अशा घटना पूर्वीही घडल्या होत्या, पण महिन्यातून एखादी, आणि दर वेळी स्कॅन करणाऱ्याची चूक म्हणून फाइल बंद झाली होती. आता त्या दिवसाला दोन-तीन होऊ लागल्या.

हातातील स्कॅनरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा कोड मागवला तेव्हा कारण समोर आले. सकाळी गाडीची यादी उतरवून घेताना तो प्रोग्रॅम प्रत्येक पार्सलचा `ctid` स्वतःजवळ साठवत होता आणि स्कॅन झाल्यावर `WHERE ctid = '(0,33)'` अशा पद्धतीने बदल करत होता. ज्या मुलाने तो लिहिला, तो संकोचून म्हणाला, ''सर, इंडेक्स फुगलेले असताना यानेच लवकर शोध लागायचा, म्हणून तसे केले होते.'' त्याचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पत्ता हाती असला की इंडेक्स चाळावा लागत नाही, हे खरेच आहे. पण इंडेक्समधील पत्त्यांची काळजी डेटाबेस घेतो. स्थान दुसऱ्याला देण्याआधी एकही इंडेक्स त्याकडे बोट दाखवत नाही ना, हे तो पाहतो. स्कॅनरच्या खिशात असलेला पत्ता त्याला ठाऊकच नसतो.

सकाळी सातवे पार्सल `(0,33)` वर होते आणि स्कॅनरने तो पत्ता लिहून घेतला, असे समजा. दुपारी पार्सल चौतिसाव्या स्थानावर गेले, तेहेतिसावे स्थान मोकळे झाले आणि थोड्याच वेळात त्याच पानातील बाराव्या पार्सलची नवी आवृत्ती तिथे येऊन बसली. संध्याकाळी स्कॅनरने तेहेतिसाव्या स्थानाला 'पोहोचले' असे सांगितले, आणि बारावे पार्सल न पोहोचताच पोहोचले. पूर्वी मृत स्थान व्हॅक्यूमपर्यंत अडवलेले राहायचे, त्यामुळे बहुतेक वेळा `UPDATE 0` असे उत्तर यायचे आणि प्रोग्रॅम निमूटपणे यादी पुन्हा मागवायचा. आमच्या दुरुस्तीने स्थाने मिनिटामिनिटाला पुन्हा वापरली जाऊ लागली, आणि झाकलेला दोष उघडा पडला. चुकीच्या पत्त्याचे हे दोन चेहरे ओळखता आले पाहिजेत: लॉगमध्ये अधूनमधून दिसणारे `UPDATE 0` हे पहिले चिन्ह, आणि त्यामागोमाग कधीतरी परक्याच नोंदीत झालेला बदल हे दुसरे. पहिले दिसत असेल तर दुसऱ्याची वाट पाहू नये.

स्कॅनरचा प्रोग्रॅम आता `id` वापरतो. दोघांनी एकाच वेळी बदल करू नये म्हणून एक आवृत्ती-क्रमांकाचा साधा रकाना ठेवला आहे, त्यावर इंडेक्स नाही, आणि दर बदलाला तो एकने वाढतो. `ctid` चा वापर पूर्ण वर्ज्य आहे असे नाही. एकाच आज्ञेत दुहेरी नोंदींपैकी एक पुसायची असेल तर तो सोयीचा पडतो, कारण पत्ता वाचणे आणि वापरणे यांत वेळ जात नाही. हाच प्रोग्रॅम दर बदलाला सगळे रकाने पुन्हा लिहितो, मोबाइलसकट, हे पाहून मला आधी धसका बसला होता. पण पोस्टग्रेस जुनी आणि नवी किंमत ताडून पाहतो आणि किंमत तीच असेल तर रकाना बदलला असे धरत नाही, म्हणून ते तसेच राहू दिले.

दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हीच समस्या वेगळ्या वेषात भेटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्लस्टर्ड इंडेक्स नसलेल्या टेबलातील नोंद वाढून पानात मावेनाशी झाली, तर ती दुसरीकडे जाते आणि जुन्या जागी पुढचा पत्ता ठेवते. इंडेक्सना कळवावे लागत नाही, पण वाचताना दोन पाने उघडावी लागतात. तिथे इंडेक्स फुगत नाहीत, वाचन मंदावते, आणि `sys.dm_db_index_physical_stats` मधील `forwarded_record_count` पाहावा लागतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुय्यम इंडेक्स पत्त्याऐवजी प्राथमिक कीच जवळ बाळगतात, त्यामुळे नोंद कुठेही गेली तरी त्यांना फरक पडत नाही, मात्र प्रत्येक शोधाला दुसरा एक शोध जोडला जातो आणि प्राथमिक की लांबलचक असेल तर सगळेच इंडेक्स जड होतात.

शेवटचा एक `REINDEX INDEX CONCURRENTLY` प्रत्येक इंडेक्सवर चालवला. १२ व्या आवृत्तीपासून तो काम न थांबवता चालतो, पण पूर्ण होईपर्यंत नव्या इंडेक्सपुरती जादा जागा डिस्कवर असावी लागते. त्यानंतर रविवारचे काम बंद केले. हॉट बदलांचे प्रमाण शंभर टक्के झालेले नाही आणि होणार नाही. कोणी ग्राहकाचा मोबाइल किंवा पिनकोड दुरुस्त केला की चारही इंडेक्सना नवा पत्ता जातो, आणि तो जायलाच हवा.